आबांचं वजन वाढलं आणि घरच्यांना बरं वाटलं: हार्ट फेल्युअरच्या सूचनांच्या कागदाचं एक प्रकरण

आबा आणि त्यांच्या घरच्यांच्या परवानगीनं हे लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वजनांचे आकडे, क्रम आणि आमच्याकडून झालेल्या चुका मात्र जशा होत्या तशाच ठेवल्या आहेत. मी पश्चिम महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावी एका छोट्या हॉस्पिटलात फिजिशियन आहे.

पार्श्वभूमी

आबा ६७ वर्षांचे. आयुष्यभर एसटी चालवली, निवृत्तीनंतर दोन एकर शेती आणि एक म्हैस. चार वर्षांपूर्वी हार्ट अटॅक येऊन गेला, अँजिओप्लास्टी झाली. त्यानंतर इकोमध्ये हृदयाचं पंपिंग ३० टक्क्यांच्या आसपास राहिलं. निरोगी माणसात हा आकडा साधारण ५५ च्या पुढे असतो. आबा गोळ्या घेत होते, शेतावर जात होते, त्यामुळे 'हार्ट कमजोर आहे' एवढंच घरात सगळ्यांना ठाऊक होतं. यालाच हार्ट फेल्युअर म्हणतात: हृदय बंद पडत नाही, पण त्याचा जोर कमी पडल्यानं अंगात पाणी साठतं.

जानेवारीच्या शेवटी ते दाखल झाले तेव्हा गुडघ्यापर्यंत सूज होती आणि चार रात्री ते भिंतीला टेकून बसूनच झोपले होते. वजन ७१.५ किलो. सहा दिवस शिरेतून फ्युरोसेमाइड दिलं, लघवी भरपूर झाली, सूज उतरली आणि वजन ६५ वर आलं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. माणसाचं मांस किंवा चरबी सहा दिवसांत साडेसहा किलो उतरत नाही, तेव्हा जे गेलं ते जवळजवळ सगळं पाणी होतं. सूज नसताना, धाप नसताना जे वजन भरतं त्याला आम्ही कोरडं वजन म्हणतो. आबांचं कोरडं वजन ६५ ठरलं.

त्यांच्या रक्तातलं सोडियम १२९ होतं, म्हणजे कमी. अंगात पाणी जास्त झाल्यामुळे ते पातळ झालेलं होतं. म्हणून दिवसाला दीड लिटर पाण्याची मर्यादा घातली. डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांच्या यादीखाली मी नेहमीप्रमाणे इंग्रजीत एक ओळ लिहिली: फ्लुइड दीड लिटर, सॉल्ट रिस्ट्रिक्टेड डाएट, डेली वेट, रिव्ह्यू एक महिन्यानं किंवा एसओएस. ही ओळ मी हजारो कार्डांवर लिहिली असेल. वॉर्डातून निघताना मी आबांना मराठीत सांगितलंही, "आबा, पाणी दीड लिटरच, मीठ कमी आणि रोज वजन बघायचं." त्यांनी मान डोलावली.

सतराव्या दिवशी पहाटे तीन वाजता १०८ नं त्यांना परत आणलं. तोंडाला ऑक्सिजनचा मास्क होता, वाक्य पुरं करता येत नव्हतं. वजन ७०.५.

घरी गेलेले सतरा दिवस

आबा स्थिरावल्यावर त्यांच्या सूनबाईंनी मोबाइलवरचा एक फोटो दाखवला. घरात भिंतीवर दिनदर्शिका आहे. तिच्या चौकटींत रतिबाच्या दुधाचा हिशेब लिहिला जातो आणि त्याच चौकटींत कोपऱ्यात त्यांनी आबांचं वजन लिहिलं होतं. त्या फोटोमुळेच हे प्रकरण दिवसागणिक उलगडता आलं.

पहिले तीन दिवस घरात काटाच नव्हता. चौथ्या दिवशी मुलानं बाजारातून गोल तबकडीचा स्प्रिंगचा काटा आणला. त्या दिवशी ६७, नवव्या दिवशी ६८, बाराव्या दिवशी ६९.५. पुढे काहीच लिहिलेलं नाही.

मी आजींना विचारलं, "वजन वाढतंय हे दिसत होतं, मग फोन का केला नाही?" आजी गोंधळून माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "अवो डॉक्टर, दवाखान्यातनं आल्ते तवा गाल बसल्याले. वजन वाढाय लागलं तसं मी म्हनलं, चला, आता अंगाला लागाय लागलं. पेज घालत हुते रोज सकाळ-संध्याकाळ."

हे ऐकल्यावर मी बराच वेळ काही बोललो नाही. आम्ही सांगितलं होतं, 'रोज वजन बघा.' त्यांनी बघितलं. कशासाठी बघायचं आणि काय दिसलं तर घाबरायचं, हे आम्ही सांगितलं नव्हतं. आजारातून उठलेल्या माणसाचं वजन वाढणं ही आपल्याकडे आनंदाची गोष्ट आहे. टीबीच्या रुग्णाला आणि अशक्त लेकराला आम्ही स्वतःच 'वजन वाढलं, छान' म्हणतो. आजींनी त्या आकड्याचा जो अर्थ लावला तो त्यांच्या सगळ्या अनुभवाला धरून होता.

पाण्याचंही असंच झालं होतं. आबांनी पाणी त्यांच्या हिशेबानं दीड लिटरवर आणलं होतं, तांब्या मोजून. पण 'पाणी' म्हणजे त्यांच्या लेखी पाणीच. सकाळ-संध्याकाळची पेज, चार कप चहा, दुपारचं ताक, भातावरची पातळ आमटी आणि भेटायला येणाऱ्यांनी आणलेली शहाळी, यांतलं काहीच त्यात धरलेलं नव्हतं. आम्ही बसून बेरीज केली तेव्हा दिवसाला तीन लिटरच्या वर जात होतं.

आणखी दोन गोष्टी निघाल्या. सातव्या दिवशी पुतणीचं लग्न होतं. एसटीचा प्रवास, वाटेत लघवीची पंचाईत, म्हणून जाण्याच्या दिवशी, लग्नाच्या दिवशी आणि परतीच्या दिवशी सकाळची लघवीची गोळी, टॉर्सेमाइड, घेतलीच नाही. आणि लग्नातल्या उठबशीनं गुडघा दुखायला लागला म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅकच्या गोळ्या आणून पाच दिवस घेतल्या. या जातीच्या वेदनाशामक गोळ्यांमुळे मूत्रपिंड मीठ आणि पाणी धरून ठेवतं, वर लघवीच्या गोळीचा जोरही कमी होतो. मोकळा सोडलेला पाट आणि बंद केलेलं दार, दोन्ही एकाच आठवड्यात.

बाराव्या दिवसापासून आबा दोन उशा घेऊ लागले. रात्री एक-दोनच्या सुमाराला दम कोंडून जाग यायची, उठून पडवीत बसलं की पंधरा-वीस मिनिटांत बरं वाटायचं. घरात त्याला 'गॅस' म्हटलं गेलं, ओवा आणि सोडा दिला गेला. खाण्याचा सोडा म्हणजेही सोडियमच. पंधराव्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, मुलानं आमच्या हॉस्पिटलात फोन केला. "वडिलांना जरा दम लागतोय, कधी आणू?" स्वागतकक्षातून उत्तर मिळालं, "सोमवारी सकाळी ओपीडी आहे, नंबर लावून ठेवते." सोमवार उजाडायच्या पहाटे ते १०८ मधून आले.

अडचण नेमकी कुठे होती

पहिल्या दिवशी वॉर्डातल्या चर्चेत 'पथ्य पाळलं नाही' हे शब्द आले. मला ते पटले नाहीत. या घरानं काटा विकत आणला, आकडे लिहिले, पाणी मोजलं, फोनही केला. सांगितलेलं बहुतेक सगळं त्यांनी केलं. आमच्या सूचनेतच तीन भोकं होती.

पहिलं, आकड्याला हद्द नव्हती. हार्ट फेल्युअरमध्ये धाप लागण्याच्या काही दिवस आधी पाणी साठायला सुरुवात होते. पायावर बोट दाबल्यावर खळगा पडेपर्यंत अंगात दोन-तीन लिटर जादा पाणी आलेलं असू शकतं. वजनाचा काटा ते त्याआधी दाखवू शकतो, आणि म्हणून तर रोज वजन करायला सांगतात. आबांच्या काट्यानं नवव्या दिवशी दाखवलं होतं, भरती व्हायच्या आठ दिवस आधी.

दुसरं, दीड लिटर म्हणजे कशाकशाची बेरीज हे कुठेच नव्हतं.

तिसरं, 'एसओएस'. आम्हा डॉक्टरांच्या भाषेत त्याचा अर्थ 'गरज पडली तर'. पण कोणती गरज, कुणाला फोन, आणि फोन उचलणाऱ्यानं काय करायचं, हे आम्हीच ठरवलं नव्हतं. स्वागतकक्षातल्या मुलीला दोष देण्यात अर्थ नव्हता. 'जरा दम लागतोय' या शब्दांवर काय विचारावं हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. शिवाय पुढची भेट एक महिन्यानं दिली होती. घरी गेल्यावरचे पहिले एक-दोन आठवडे सर्वांत धोक्याचे असतात आणि त्या काळात एकदा तपासणी व्हावी असंच मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. मला ते माहीत होतं. तरी सवयीनं 'एक महिना' लिहिलं गेलं.

कोणते पर्याय होते

सगळ्यात सोपा पर्याय म्हणजे तयार छापील पत्रक देणं. आमच्याकडे एका कंपनीचं आठ पानी रंगीत पत्रक पडून होतं. त्यात हृदयाची आकृती होती, व्यायाम होता, ब्रोकोली होती, आणि वजनाबद्दल 'अचानक वाढ झाल्यास डॉक्टरांना कळवा' असं वाक्य होतं. अचानक म्हणजे किती? ते बाजूला ठेवलं.

दुसरा पर्याय मोहक होता: वजन दोन किलोनं वाढलं की घरीच टॉर्सेमाइडची एक जादा गोळी घ्यायची. समजूतदार घरांत ही पद्धत चांगली चालते आणि हॉस्पिटलची वारी वाचवते. पण मूत्रपिंडाचं काम दाखवणारं आबांचं क्रिएटिनिन त्या वेळी १.६ होतं, पोटॅशियम ५.२, दोन्ही वाढलेले, आणि काटा अजून भरवशाचा नव्हता. चुकीच्या वजनावरून जादा गोळी घेतली गेली असती तर मूत्रपिंड आणखी कोरडं पडलं असतं. सध्या गोळी बदलायची नाही, फक्त फोन करायचा, असं ठरवलं. मूत्रपिंड स्थिर झाल्यावर पुन्हा विचार करू.

तिसरा पर्याय होता आठवड्यातून एकदा आशाताईंनी घरी जाऊन बघायचं. पण आठवड्यातून एकदाचं वजन या आजारात उशिरा पोचतं. नवव्या दिवशी सुरू झालेली गोष्ट सतराव्या दिवशी १०८ पर्यंत गेली होती.

शेवटी एकच पान करायचं ठरलं. ते आबांसाठीच, आबांच्या आकड्यांसह, हातानं लिहिलेलं. आणि सोबत सातव्या दिवसाची भेट.

कागद कसा तयार झाला

आमच्या वॉर्डच्या सिस्टरनं एक चांगली गोष्ट सुचवली: घरचा काटा इथेच मागवू या. मुलगा काटा घेऊन आला. डिस्चार्जच्या सकाळी आबांना दोन्ही काट्यांवर उभं केलं. आमच्यावर ६५, त्यांच्यावर ६६. म्हणजे घरचा काटा एक किलो जास्त दाखवत होता. काट्याची ही चूक रोज सारखीच राहिली तर काही बिघडत नाही, फक्त हद्द त्याच काट्यावरून ठरवायला हवी. कार्डावर हॉस्पिटलचं ६५ लिहिलं असतं तर घरी पहिल्याच दिवशी 'एक किलो वाढलं' म्हणून धावपळ झाली असती.

चौथ्या दिवशीचं ते ६७ मग कसं आलं हेही समजलं. तेव्हा आबांनी न्याहारीनंतर, अंगात स्वेटर आणि धोतर असताना वजन केलं होतं. कपडे आणि पोटातलं अन्न यांनी सहज एक किलो इकडे-तिकडे होतो. त्यात त्यांनी काटा एकदा पडवीत शहाबादी फरशीवर आणि एकदा मागच्या खोलीत शेणानं सारवलेल्या जमिनीवर ठेवला होता. मऊ किंवा उंचसखल जमिनीवर स्प्रिंगचा काटा खोटं बोलतो. मग ठरलं: पडवीतली एकच फरशी, तिच्यावर रंगानं चौकोन, काटा तिथेच.

हद्द ठरवताना मी अडखळलो. पुस्तकात 'तीन दिवसांत दोन किलोहून जास्त' असं असतं. पण त्यासाठी रोज तीन दिवस मागचा आकडा बघून वजाबाकी करावी लागते, आणि हळूहळू, दर दोन दिवसांना अर्धा किलो असं वाढणारं पाणी त्यातून निसटतं. म्हणून वजाबाकी मीच करून थेट आकडे लिहिले. वर ६८. आणि खाली ६४, कारण जास्त पाणी निघून जाणंही धोक्याचंच. सिस्टरनं तबकडीवरच ६८ ला लाल आणि ६४ ला निळी रेघ काढली. आबांना बारीक अक्षर वाचता येत नाही, पण काटा लाल रेघेला लागला का हे दिसतं. गाडीच्या मीटरकडे बघायची चाळीस वर्षांची सवय.

पाण्यासाठी आजींना घरातली भांडी घेऊन यायला सांगितलं. बाटलीनं मोजलं: चहाचा कप १०० मिली, ताकाचा पेला २५०, आमटीची वाटी १५०, आणि त्यांचा 'एक तांब्या' भरला चक्क ९०० मिली. आजी म्हणाल्या, "म्या एक तांब्या म्हंजे अर्धा लिटर धरत हुते." मग बाटलीची युक्ती शिकवली. सकाळी दीड लिटर पाणी बाटल्यांत भरून ठेवायचं, हे आबांचं दिवसभराचं. चहा घेतला की त्याच कपानं एक कप पाणी बाटलीतून काढून तुळशीला घालायचं. ताक घेतलं, तसंच. बाटल्या रिकाम्या झाल्या की दिवस संपला. यात मोजायचं काहीच नाही, आणि किती उरलंय हे घरात सगळ्यांना दिसतं.

कागदावर शेवटी जे आलं ते असं:

*रोज सकाळी.* उठल्यावर लघवी करून, चहाच्या आधी, फक्त धोतर-बनियनवर वजन. काटा रंगाच्या चौकोनात. आकडा दिनदर्शिकेवर.

*तुमचं वजन ६६. वजन वाढणं म्हणजे अंगात पाणी साठणं. हे अंगाला लागणं नव्हे.*

*दिवसाचं सगळं पातळ मिळून दीड लिटर.* पाणी, चहा, दूध, ताक, पेज, आमटी, कढी, सरबत, शहाळं, कलिंगड, गोळ्यांबरोबरचं पाणी. तहान लागली तर चूळ भरा, बर्फाचा खडा किंवा लवंग तोंडात धरा. लोणचं, पापड, खारं, फरसाण बंद. सैंधव मीठसुद्धा मीठच. दुकानातलं 'कमी सोडियम'चं मीठ आणू नका, त्यात पोटॅशियम असतं.

*त्याच दिवशी फोन करा, वार कोणताही असो:* काटा ६८ ला किंवा वर. काटा ६४ ला किंवा खाली. एक उशी वाढली. रात्री दम लागून जाग आली. पाय, पोट सुजलं, कमरेच्या नाडीचा वळ खोल उठायला लागला. उभं राहिल्यावर अंधारी. जुलाब-उलट्या. कुठलीही गोळी चुकली किंवा संपली. दुखण्याची गोळी घ्यायच्या आधी.

*फोन नाही, थेट १०८:* बसल्या जागी धाप, बोलता बोलता दम तुटणं, छातीत दुखणं, गुलाबी फेसाचा खोकला, चक्कर येऊन पडणं, बोलणं असंबद्ध होणं.

खाली वॉर्डचा नंबर लिहिला. स्वागतकक्षाचा नव्हे, चोवीस तास सिस्टर असते तिथला. वॉर्डमधल्या फोनशेजारी आम्ही दुसरा कागद चिकटवला, आमच्यासाठी: आजचं वजन किती, रात्री झोप कशी लागली, गोळ्या सगळ्या घेतल्या का. ही तीन उत्तरं घेऊन सिस्टरनं मला किंवा ड्युटी डॉक्टरला कळवायचं, फोन करणाऱ्याला सोमवार सांगायचा नाही.

प्रवासाच्या दिवसाचंही बोललो. लग्नाला किंवा बाहेरगावी जायचं तर टॉर्सेमाइडची गोळी पोचल्यावर, दुपारी चारपर्यंत घेतली तरी चालेल. चुकवायची मात्र नाही. माझ्या मते या कागदातली सर्वांत उपयोगी ओळ हीच असावी, कारण ती आबांच्या खऱ्या अडचणीवर होती आणि आम्ही विचारल्याशिवाय ती कधीच बाहेर आली नसती.

निघायच्या आधी मी 'समजलं का' असं विचारलं नाही. म्हणालो, "आबा, उद्या तुमच्या भावानं विचारलं की हा काटा कशाला, तर काय सांगाल?" आबा म्हणाले, "पेट्रोलचा काटा वर गेला तर बरं. ह्यो काटा वर गेला तर गाडीत पानी शिरलं." मग सूनबाईंना विचारलं, काटा ६८.५ दाखवतोय, रविवार आहे, आबांना काहीच त्रास नाही, काय कराल? त्या म्हणाल्या, "सोमवारी फोन." तिथे पुन्हा बसलो. त्रास नसतानाच फोन करायचा आहे, त्रास सुरू होण्याआधी, हे दुसऱ्यांदा सांगितल्यावर बसलं.

पुढे काय झालं

सातव्या दिवशी आबा आले, घरच्या काट्यावर ६६, सोडियम १३४. पुढच्या आठ महिन्यांत त्यांना पुन्हा दाखल व्हावं लागलं नाही. एका माणसाच्या गोष्टीवरून कागदामुळेच हे झालं असं म्हणता येणार नाही. गोळ्यांचे डोसही याच काळात नीट बसवले गेले. पण तीन फोन आले, आणि ते सांगण्यासारखे आहेत.

मे महिन्यात सूनबाईंचा फोन आला: दोन दिवस जुलाब, काटा ६३.५, उठल्यावर अंधारी येते. बोलावून घेतलं. रक्तदाब वरचा ८८, क्रिएटिनिन २.१. टॉर्सेमाइड, स्पायरोनोलॅक्टोन आणि डापाग्लिफ्लोझिन थांबवल्या, त्या दिवसांपुरती पाण्याची मर्यादा काढून टाकली, आणि चार दिवसांत सगळं जागेवर आलं. निळी रेघ नसती तर उन्हाळ्यात दीड लिटरचं पथ्य आणि लघवीच्या गोळ्या त्यांनी इमानेइतबारे चालूच ठेवल्या असत्या.

ऑगस्टमधला फोन आजींचा होता आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. काटा ६६ वरच होता, तरी नाडीचा वळ खोल उठत होता आणि दुसरी उशी आली होती. तपासलं तर पोटात पाणी. महिनाभर जेवण कमी झाल्यानं अंगावरचं मांस उतरलं होतं आणि तेवढीच जागा पाण्यानं भरून काढली होती. काट्याला दोन्ही सारखंच. टॉर्सेमाइड दुप्पट केली, आठवड्यात वजन ६३.५ वर आलं आणि ते त्यांचं नवं कोरडं वजन ठरलं. मे महिन्यात जो आकडा धोक्याचा होता तोच ऑगस्टमध्ये त्यांचा योग्य आकडा झाला.

तिसरा फोन गणपतीच्या आदल्या दिवशीचा: एका रात्रीत अडीच किलो वाढलं. आबा ठणठणीत होते. घर धुताना काटा माजघरात कोब्यावर सरकवला होता. परत चौकोनात ठेवला आणि वजन जिथल्या तिथे. असा फोन आला तर मला चालतो.

आज वेगळं काय करेन

पाण्याच्या मर्यादेबद्दल माझं मत सैल झालं आहे. आबांचं सोडियम कमी होतं म्हणून फेब्रुवारीत दीड लिटर ठीक होतं, पण ते १३७ वर आल्यानंतर मी ती मर्यादा पुढेही चालू ठेवली, फक्त कागदावर लिहिली होती म्हणून. अमेरिकेच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत पाणी तोडण्याचा फायदा अनिश्चित म्हटला आहे. नेदरलँड्समध्ये झालेल्या आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, स्थिर असलेल्या हार्ट फेल्युअरच्या रुग्णांना पाणी मोकळं ठेवलं तरी प्रकृतीत वाईट फरक दिसला नाही, उलट पाणी मोजणाऱ्यांना तहानेचा त्रास जास्त झाला. आता असा माणूस स्थिर झाला की मी मर्यादा दोन लिटरवर नेतो आणि उन्हाळ्यात शेतावर जाणाऱ्याशी वेगळं बोलतो. मिठाबाबत मात्र मी ढील देत नाही. खारं कमी झालं की तहान आपोआप कमी होते, हे आबांनीच मला सांगितलं.

वजनाच्या हद्दीही मी पक्क्या शाईत लिहायला नको होत्या. मे आणि ऑगस्टच्या मध्ये मी आबांना दोनदा तपासलं होतं, दोन्ही वेळा '६६, छान' म्हणून सोडलं. भूक कमी झाली का, दंड-मांड्या बारीक झाल्या का, हे विचारलं असतं तर आकडा तेव्हाच बदलला असता. आता कागदावर हद्दीशेजारी तारीख असते आणि प्रत्येक भेटीला ती खोडून नव्यानं लिहिली जाते, आकडा तोच राहिला तरी. तबकडीवरची रेघ पुसता येणाऱ्या रंगानं काढतो.

जादा गोळीची परवानगी आबांना सप्टेंबरमध्ये दिली: लाल रेघ ओलांडली तर वॉर्डला फोन करून, सिस्टरशी बोलून, त्या दिवशी एक टॉर्सेमाइड जास्त, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा वजन कळवायचं. ती मी जूनमध्ये द्यायला हवी होती, की मेच्या प्रसंगानंतर थांबलो ते बरोबर केलं, यावर माझं आणि आमच्या सिस्टरचं अजून एकमत नाही.

हा कागद आता आम्ही प्रत्येक हार्ट फेल्युअरच्या रुग्णासाठी लिहितो, आकड्यांच्या जागा कोऱ्या ठेवून. ६८ आणि ६४ हे आबांचे होते. दुसऱ्या घरी ते चालत नाहीत.